‘प्रेशर सोडा’ म्हणजे नक्की काय करा? एसओपी तपासताना अडलंय

शाईपेन

मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाची कामं घेते. आजवर पाठ्यपुस्तकं, बँकेची पत्रकं, एक-दोन दिवाळी अंक. या वेळी रबर मोल्डिंगच्या एका कारखान्याची एसओपी आली आहे. नाव सांगत नाही. हायड्रॉलिक प्रेसमधला मोल्ड बदलण्याची पद्धत आहे. मूळ इंग्रजी, कुणीतरी मराठी केलेलं, वर दोन-तीन हातांच्या दुरुस्त्या. मला सांगितलंय, “शुद्धलेखन बघा आणि नंबर नीट लावा, बास.”

मजकूर जसाच्या तसा देते:

```
१. मशीन बंद करावे.
२. मेन ब्रेकर बंद करा.
३. अॅक्युम्युलेटरचे प्रेशर सोडा.
४. प्रेशर गेज तपासणे.
४अ. प्लेटनखाली सेफ्टी प्रॉप लावावा.
५. टाळे व टॅग लावला जातो.
६. मोल्डचे बोल्ट सैल करून मोल्ड काढा व
   सुरक्षित ठिकाणी ठेवा.
७. नवीन मोल्ड बसवा.
८. स्टेप ५ उलट क्रमाने करा.
९. योग्य पीपीई वापरावी. मोल्ड गरम असू शकतो.
```

माझे प्रश्न साधे आहेत. करा, करावे, करणे, केले जाते यांतलं कुठलं एक ठेवू? ४अ चा ५ करून पुढचे नंबर सरकवू का? आणि ९ वाचून वाटलं की हे आधी सांगायला नको का? यंत्रातलं मला काही कळत नाही, तेव्हा चुकत असेन तर सांगा.

ऱ्हस्वदीर्घ

‘करावे’ ठेवा. लेखी सूचनेला विध्यर्थ शोभतो. ‘करा’ म्हणजे कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखं वाटतं. आणि प्रेशरला दाब, गेजला दाबमापक, अॅक्युम्युलेटरला संचायक असे सरळ शब्द आहेत. मराठीत लिहायचं तर मराठीत लिहा. सातव्या ओळीपर्यंत चार प्रकारची क्रियापदं झाली, हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत.

नाईटशिफ्ट

मी अशाच प्रेसवर काम करतो. संचायक म्हणालात तर आमच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही. त्याला आम्ही ‘बाटला’ म्हणतो. साहेब लोक अॅक्युम्युलेटर म्हणतात. पाटीवर पण तेच आहे.

आणि ‘करावे’ वाचलं की वाटतं केलं तर बरं, नाही केलं तर चालतंय. आमच्याकडच्या बोर्डावर ‘चप्पल बाहेर काढावी’ असं पण लिहिलंय. सगळे चपला घालून आत जातात.

आबा_बागायतदार

प्रेशर सोडा म्हणजे प्रेशर द्या की. यात अडण्यासारखं काय आहे? आमच्याकडं पाटाला पाणी सोडलं म्हणजे पाणी आलं. मोटर चालू करून लाईनला पाणी सोडायचं, आधी व्हॉल्व्ह उघडायचा, नाहीतर पाईप फुटतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोरानं व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू केली, अडीच इंची पाईप जॉइंटातून निघाला. चिकटवायचं सोल्युशन कुठल्या कंपनीचं चांगलं, कुणी सांगेल काय?

पाना१७

आबा, तुम्ही धागा वेगळा वाचलात, पण मुद्द्यावर बोट ठेवलंत. पाईपचं नंतर सांगतो.

शाईपेन ताई, मी प्रेसच्या मेंटेनन्समध्ये २८ वर्षं काढली. तुमचा खरा घोळ तिसऱ्या ओळीत आहे. आबा म्हणतात तसं ‘पाणी सोडलं’ म्हणजे आलं. ‘लाईट सोडली’ म्हणजे पण आली. पण ‘टायरमधली हवा सोडली’ म्हणजे गेली. एकच शब्द, दोन उलटे अर्थ. इथे म्हणायचंय की बाटल्यात साठलेलं तेलाचं प्रेशर टाकीत उतरवून टाका. नवा पोरगा ‘सोडा’ वाचून काय करेल ते त्याच्या गावावर अवलंबून.

तिसरा अर्थ त्याहून वाईट. त्या बाटल्यात खाली तेल आणि वर नायट्रोजन असतो, मध्ये रबरी फुगा. वरच्या टोकाला गॅस भरायची छोटी झडप असते. ‘अॅक्युम्युलेटरचे प्रेशर सोडा’ वाचून एका हेल्परने माझ्या डोळ्यांदेखत त्या झडपेचं टोपण फिरवायला घेतलं होतं. भाषेप्रमाणे बघितलं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. प्रेशर बाटल्याचंच होतं आणि तो ते सोडतच होता.

म्हणून ‘सोडा’ हा शब्दच पूर्ण एसओपीतून काढा. कुठली झडप, कुठल्या बाजूला न्यायची, एवढंच लिहा.

शाईपेन

बाप रे. मी त्या ओळीत फक्त अॅ चा चंद्र नीट आहे का ते बघितलं होतं.

पाना१७

आता दुसरी ओळ. मूळ इंग्रजी मिळतंय का बघा. इलेक्ट्रिकलमध्ये ब्रेकर ‘क्लोज’ म्हणजे संपर्क जुळले, करंट चालू. ‘ओपन’ म्हणजे तुटले, करंट बंद. पाण्याच्या झडपेच्या बरोबर उलटं. मराठी करणाऱ्याने ‘क्लोज’चं ‘बंद करा’ आणि ‘ओपन’चं ‘उघडा’ केलं की सप्लाय उलटा. तुमच्या दुसऱ्या ओळीत अर्थ योगायोगाने बरोबर आलाय, पण शेवटी परत चालू करताना काय लिहिलंय ते तपासा.

शाईपेन

मूळ काढलं. दुसऱ्या ओळीत ‘ओपन’ आहे, म्हणजे तिथे ‘बंद करा’ बरोबर. पण पुढे, मी इथे न दिलेल्या चाचणीच्या भागात ‘हीटर ब्रेकर क्लोज’चं मराठी ‘हीटरचा ब्रेकर बंद करा’ असं केलंय! तिथे तर हीटर चालू करायचा आहे.

क्यूए_मनीषा

मी दुसऱ्या एका कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोल बघते. ४अ ला हात लावू नका. मंजूर कागदात मध्ये पायरी घातली की असंच लिहायचं असतं. कारण बाकी नंबर हलले तर ट्रेनिंग रेकॉर्ड, चेकशीट, ऑडिटचे शेरे सगळे चुकतात. तुमच्याच एसओपीत बघा, ‘स्टेप ५ उलट क्रमाने करा’ असा उल्लेख आहे. ४अ चा ५ केलात तर ही ओळ टाळ्याऐवजी प्रॉपकडे बोट दाखवेल.

पाना१७

मनीषा ताई, दोन सुधारणांच्या मधल्या काळापुरतं पटतं. पण एक विचारू? चेकशीटवर चौकटी किती आहेत?

शाईपेन

चेकशीटही पाठवली आहे त्यांनी. नऊ चौकटी. १ ते ९.

क्यूए_मनीषा

म्हणजे ४अ ला चौकटच नाही. प्रॉप लावला की नाही याची टिक कुठेच होत नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग नवी आवृत्ती काढून पूर्ण नंबर बदलावेत आणि चेकशीट त्याच दिवशी बदलावी. जुन्या प्रती मशीनवरून काढून घेतल्याशिवाय नवी लावायची नाही, नाहीतर दोन्ही चालू राहतात.

शाईपेन, वर्डमध्ये करत असाल तर नंबर हाताने टाइप केलेत की आपोआप लावलेत ते आधी बघा. नंबरावर क्लिक केल्यावर तो करडा होऊन निवडला गेला तर आपोआप, कर्सर नंबराच्या आत गेला तर हाताने. आणि ‘स्टेप ५’ असे उल्लेख क्रॉस-रेफरन्स म्हणून घाला. नंतर नंबर बदलले की `Ctrl+A` आणि `F9`. मग छापील प्रतीत `Error! Reference source not found.` कुठे उमटलंय का ते डोळ्याने शोधा. आमच्याकडे ती ओळ लॅमिनेट होऊन सहा महिने भिंतीवर होती.

पाना१७

नंबर नीट लावायच्या आधी क्रम नीट लावा. एक माहिती हवी. प्रेस अपस्ट्रोक आहे की डाऊनस्ट्रोक? रबराच्या बऱ्याच प्रेस अपस्ट्रोक असतात, खालची प्लेटन, म्हणजे मोल्ड दाबणारी जाड प्लेट, वर जाते. तिथे प्रेशर गेलं की प्लेटन आपल्या वजनाने खाली बसते, प्रेस उघडते. डाऊनस्ट्रोकमध्ये वरची प्लेटन खाली येते. तिथे प्रेशर गेलं तर ती माणसाच्या हातावर येऊ शकते.

शाईपेन

विचारलं. डाऊनस्ट्रोक.

पाना१७

मग बघा काय झालंय. तिसऱ्या पायरीत प्रेशर उतरवलं. प्रॉप ४अ ला. ज्याच्या जोरावर प्लेटन वर थांबली असेल तेच आधी काढून घेतलं आणि मग माणसाला टेकू लावायला खाली पाठवलं. व्हॉल्व्ह धरून ठेवतात, मान्य, पण व्हॉल्व्ह गळतात. त्यांच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. कुणीतरी अपघात किंवा ऑडिटनंतर ‘प्रॉपचं लिहायचं राहिलंय’ म्हणून जागा दिसली तिथे ४अ घुसवलाय. म्हणून मला अक्षर जोडलेली पायरी दिसली की मी तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन पायऱ्या पुन्हा वाचतो.

टाळ्याचंही तेच. ब्रेकर पाडला की लगेच टाळं, मग बाकीचं. इथे टाळं पाचव्या पायरीला आहे. तोवर तिघं जण प्रेसजवळ वाकलेले आणि ब्रेकर बिनटाळ्याचा, कुणीही येऊन वर करेल.

कोल्हापुरी_लोखंड

आमची फौंड्री आहे. आमच्या एसओपीत ‘मोल्ड थंड झाल्यावर काढा’ असं होतं. थंड म्हणजे किती? एक म्हणायचा अर्धा तास, दुसरा म्हणायचा थुंकी टाकून बघ. शेवटी वेळ लिहिली. तुमच्याकडंपण मोल्डवर पाणी मारून थंड करा की, लवकर होतंय.

पाना१७

दादा, फौंड्रीचा मोल्ड म्हणजे वाळूचा साचा, हा पोलादाचा. तापलेल्या पोलादी मोल्डवर पाणी मारलं तर वाफेने पोळेल आणि मोल्डला तडा जाईल तो वेगळाच. पण ‘थंड म्हणजे किती’ हा प्रश्न एकदम बरोबर. या ताईंच्या नवव्या ओळीत ‘गरम असू शकतो’ आहे. रबर मोल्डिंगमध्ये मोल्ड साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला चालतो. तिथे ‘असू शकतो’ कसलं? तो गरमच असतो.

नाईटशिफ्ट

खरं सांगू का, आम्ही गरमच बदलतो. थंड व्हायची वाट बघितली तर शिफ्ट गेली. हातमोजे असतात पण पातळ. ‘योग्य पीपीई’ म्हणजे स्टोअरमध्ये त्या दिवशी जे असेल ते.

अजून एक. मेन ब्रेकर म्हणजे कुठला? आमच्या प्रेसला दोन आहेत. पुढच्या पॅनलवर पंपाचा. हीटरचा वेगळा, पॅनलच्या मागच्या बाजूला. पुढचा पाडला की पंप बंद होतो, सगळ्यांना वाटतं झालं. हीटरच्या वायरीत करंट तसाच.

ऱ्हस्वदीर्घ

मी ‘करावे’चा आग्रह मागे घेतो, चपलांचं उदाहरण पटलं. पण शब्दांबद्दल अजून बोलतो. ‘इशारा’, ‘धोका’, ‘सावधान’, ‘खबरदारी’, ‘सूचना’ असे शब्द अशा कागदांत वाटेल तसे वापरलेले असतात. तुमच्या एसओपीत कसे आहेत?

शाईपेन

न दिलेल्या भागात पाचही आहेत. ‘सावधान: मोल्डवर गंज येऊ देऊ नका’ आणि ‘सूचना: प्लेटनखाली हात घालू नका.’

पाना१७

झालं. हाताला नुसती ‘सूचना’ आणि गंजाला ‘सावधान’. अमेरिकेत एएनएसआय झेड५३५ प्रमाणे चार पायऱ्या आहेत. पहिली, टाळलं नाही तर जीव जाणार किंवा गंभीर इजा होणारच. दुसरी, तसं होऊ शकतं. तिसरी, किरकोळ किंवा मध्यम इजा. चौथी, माणसाला नाही पण मालाला किंवा मशीनला नुकसान. मराठीत आम्ही धोका, इशारा, खबरदारी, सूचना अशा क्रमाने घेतले होते. हेच घ्या असं नाही, पण एकदा ठरवलं की पूर्ण कागदात तेच. आणि ती ओळ पायरीच्या आधी. हात पोळल्यावर ‘गरम असू शकतो’ वाचून काय करायचंय?

ऱ्हस्वदीर्घ

‘इशारा’ नको. आपल्याकडे इशारा म्हणजे खूणही होते. ‘क्रेनवाल्याला इशारा द्या’ असं वाक्य त्याच कागदात असेल तर?

शाईपेन

आहे! मोल्ड उचलताना ‘क्रेन ऑपरेटरला इशारा करा’ आहे. तिथे ‘हाताने खूण करा’ करते. मग ‘इशारा’ एकाच अर्थाने राहील.

क्यूए_मनीषा

मला ‘तपासणे’ आवडलेलं नाही. ऑडिटर विचारतो, तपासलं म्हणजे काय दिसलं? ‘प्रेशर गेज तपासणे’ या पायरीला काटा १४० वर असला तरी टिक करता येते. तपासलं की नाही? तपासलं.

पाना१७

शंभर टक्के. त्यातही कुठलं गेज? बाटला आणि पंप यांच्यामध्ये बहुतेक सर्किटमध्ये चेक व्हॉल्व्ह असतो, तेल पंपाकडे परत जाऊ नये म्हणून. पंप बंद केला की पंपाकडचं गेज शून्यावर येतं. बाटल्याकडचं तसंच राहतं. मी नवीन असताना पंपाकडचं शून्य बघून नळीचा नट सैल केला होता. तेल अंगावर नाही, बाजूने गेलं, म्हणून आज टाइप करतोय.

बरोबर झालंय हे कसं ओळखायचं तेही सांगतो. तेल उतरवायची झडप सावकाश उघडली की बाटल्याकडचा काटा हळूहळू खाली येतो. फुग्यात जेवढं गॅसचं प्रेशर आधीच भरलेलं असतं तिथपर्यंत आला की मग एकदम शून्यावर पडतो. समजा सिस्टीम १४० ला आणि गॅस ९० ला असेल, तर काटा ९० पर्यंत हळू, मग धपकन. झडप उघडताक्षणीच काटा वरून थेट पडला तर फुग्यातला गॅस गेलेला असण्याची शक्यता. हळू येऊन मध्येच थांबला आणि पडतच नाही, तर झडप पूर्ण उघडली नाही किंवा लाईनमध्ये काहीतरी अडकलंय. तेव्हा नळीला हात लावायचा नाही.

शाईपेन

काल कारखान्यात गेले. “शुद्धलेखनाला प्रत्यक्ष कशाला?” असं विचारलंच. प्रेससमोर कागद धरून एकेका ओळीपुढे उभी राहिले. तीन गोष्टी सापडल्या. ब्रेकर खरंच दोन आहेत. गेज दोन आहेत, आणि बाटल्याकडचं गेज पाठीमागे गुडघ्याच्या उंचीवर, वर ग्रीसचा थर. आणि तेल उतरवायच्या झडपेवर पाटीच नव्हती. आता रंगाने V3 लिहून घेतलंय.

पहिला भाग असा केलाय, चुका काढा:

```
इशारा: हे काम करताना वरची प्लेटन खाली येऊ
शकते. प्रॉप उभे होईपर्यंत प्लेटनखाली हात
घालू नका.

१. प्लेटन सर्वांत वर न्या.
२. पंपाचे STOP बटण दाबा.
३. Q1 (पंप) चे हँडल OFF वर आणा.
४. Q2 (हीटर) चे हँडल OFF वर आणा.
५. Q1 आणि Q2 ला स्वतःचे टाळे व टॅग लावा.
   किल्ल्या स्वतःजवळ ठेवा.
६. दोन्ही प्रॉप बाहेरच्या बाजूने उभे करा.
७. V3 झडप सावकाश पूर्ण उघडा. उघडीच ठेवा.
   वरच्या गॅसच्या झडपेला हात लावू नका.
८. G2 गेज (मागे, खाली) पाहा. काटा ० वर हवा.
   ० वर नसेल तर काम थांबवा व मेंटेनन्सला
   बोलवा.
९. START बटण दाबा. पंप चालू होता कामा नये.
```

गेजवर 0 असा आकडा आहे, एसओपीत ०. तेवढं चालेल का? पण देवनागरी १ बाहेरून आलेल्यांना 9 सारखा दिसतो असं सुपरवायझर म्हणाले. मी झडपा, ब्रेकर, गेजची नावं पाटीवर आहेत तशीच ठेवली आहेत.

पाना१७

छान झालंय. दोन शेरे. प्रॉप हा प्लेटन आणि वरच्या मोल्डच्या वजनासाठी असतो, प्रेसच्या पूर्ण टनेजसाठी नाही. म्हणून पंप बंद होऊन टाळं लागल्याशिवाय प्रॉप उभा करायचा नाही, तुमचा क्रम त्यात बसतो. कुणी पुढे ‘सोयीसाठी’ ६ उचलून २ च्या आधी नेईल, म्हणून कारण एका ओळीत लिहून ठेवा. दुसरं, परत चालू करताना V3 बंद करायची पायरी पंप चालू करायच्या आधी हवी. ‘उलट क्रमाने करा’ लिहू नका. उलट क्रम म्हणजे START आधी. पूर्ण पायऱ्या परत लिहा, कागद वाढला तरी चालेल.

क्यूए_मनीषा

पाचव्या पायरीत दोन कामं आहेत, टाळं आणि टॅग. एका पायरीत एकच कृती असा नियम ठेवला तर तोडावी लागेल. विमानांच्या मेंटेनन्स पुस्तकांसाठी जे नियंत्रित इंग्रजी वापरतात, एएसडी-एसटीई१००, त्यातही सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत आणि एका शब्दाला एकच अर्थ असा दंडक आहे.

पाना१७

टाळं-टॅग एकाच हाताने एकत्र होतं. तोडलं तर चेकशीटवर दोन टिक, आणि लोक टिकाच मारत बसतात. मी नाही तोडणार.

क्यूए_मनीषा

मी तोडेन. राहू दे.

नाईटशिफ्ट

ताई, ४ नंबरला प्रॉडक्शनवाले भांडणार. हीटर बंद केला की नवीन मोल्ड तापायला तास जातात. ते म्हणणार हीटर चालूच ठेवा.

शाईपेन

भांडले. आजच. त्यांचं म्हणणं प्लेटनचा हीटर चालू राहू दे, फक्त मोल्डच्या हीटरची वायर काढायची. पण दोन्ही Q2 वरच आहेत. ते मी ठरवणार नाही. ४ नंबरची ओळ पिवळी करून समासात लिहिलंय: ‘सेफ्टी व इलेक्ट्रिकलची सही हवी.’ मोल्ड किती अंशाला काढायचा तेही रिकामंच आहे. प्रॉडक्शनने १२० लिहा म्हटलं, सेफ्टीने ६०.

आबा_बागायतदार

ते पाईपच्या सोल्युशनचं राहिलंच.

पाना१७

आबा, सोल्युशन कुठलंही चालेल, दोन्ही टोकं आधी कोरडी करा आणि चिकटवल्यावर लगेच पाणी सोडू नका. म्हणजे, मोटर चालू करू नका.